शंभर गुणांची वाटणी आणि चार मिनिटांची भेट

मानसशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गाला मी संशोधनपद्धती शिकवते. प्रॅक्टिकलसाठी दरवर्षी कोलंबिया विद्यापीठाचा स्पीड डेटिंगचा डेटा देते. 2002 ते 2004 या काळात तिथल्या विद्यार्थ्यांच्या अशा संध्याकाळी फेऱ्याफेऱ्यांनी भरवल्या होत्या. चार मिनिटं बोलायचं, कार्डावर समोरच्याला सहा गोष्टींसाठी दहापैकी मार्क द्यायचे, पुन्हा भेटायचं की नाही ते लिहायचं आणि पुढच्या टेबलाकडे सरकायचं. भेटींआधी भरलेल्या अर्जात प्रत्येकाने आपल्या अपेक्षा लिहिलेल्या असतात: देखणेपणा, सच्चेपणा, बुद्धी, गमत्या स्वभाव, महत्त्वाकांक्षा, समान आवडी. या सहांत 100 गुण वाटायचे.

त्या दिवशी एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन थेट माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, तुम्ही म्हणता लोकांना स्वतःची आवड कळत नाही. पण हे बघा ना!" बुद्धीला भरपूर गुण देणाऱ्यांना तिने वेगळं काढलं होतं. त्यांनी ज्यांना होकार दिला त्यांचे बुद्धीचे मार्क नकार दिलेल्यांपेक्षा स्पष्ट जास्त होते. म्हणजे बोलले तसं वागले!

मी आधी एक साधी तपासणी करायला सांगितली: प्रत्येकाच्या सहा आकड्यांची बेरीज शंभराच्या आसपास येते का? काहींची येत नव्हती. सहाव्या ते नवव्या फेरीत 100 गुण वाटायला सांगितलंच नव्हतं, प्रत्येक गोष्टीचं महत्त्व 1 ते 10 मध्ये विचारलं होतं. डेटासोबतच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं आहे, पण माहितीपत्रक वाचतंय कोण! त्या फेऱ्या बाजूला काढल्या तरी तिचा निष्कर्ष तसाच राहिला.

मग म्हटलं, आता हेच बुद्धीला सगळ्यात कमी गुण देणाऱ्यांचं करून बघ. ती जागेवर गेली आणि बराच वेळ काही बोलली नाही. त्यांनी होकार दिलेली माणसंही त्यांच्याच मार्कांनुसार जास्त हुशार निघाली.

गोम इथेच आहे. बुद्धीचे मार्क आणि होकार एकाच हाताने, एकाच कार्डावर, एकाच बैठकीत लिहिलेले असतात. एखादी व्यक्ती मनात भरली की ती हुशारही वाटते, सच्चीही वाटते. म्हणून 'निवडलेली माणसं हुशार होती का' या प्रश्नाला जवळपास सगळ्यांकडून 'हो' येतं. खरा प्रश्न वेगळा आहे: मार्क वाढले की होकाराची शक्यता किती वाढते, आणि अर्जात बुद्धीला जास्त गुण देणाऱ्याच्या बाबतीत ती इतरांपेक्षा जास्त वाढते का?

मी फळ्यावर दोन काल्पनिक माणसं काढली. 'क'ने बुद्धीला 40 गुण दिलेत, 'ख'ने 10. दोघेही त्याच वीस जणांना भेटले; त्यांतल्या दहांना दोघांनी बुद्धीचे 5 मार्क दिले, दहांना 8. मार्क 5 वरून 8 वर गेले की दहांमागे 'क'चे होकार दोनाचे सहा होतात आणि 'ख'चेही दोनाचे सहाच होतात. दोघांनी हुशार माणसं निवडली, पण 40 आणि 10 मधला फरक टेबलावर कुठे दिसलाच नाही. मार्कांबरोबर होकार किती वाढतात ते दाखवणाऱ्या रेषेचा चढ प्रत्येकासाठी वेगळा काढायचा आणि मग तो अर्जातल्या गुणांशी ताडून बघायचा.

तिने तसं केलं. काहींनी सरसकट होकार दिले होते, काहींनी सरसकट नकार. त्यांचा चढ निघतच नाही. उरलेल्यांच्याही भेटी थोड्याच, त्यामुळे ठिपके स्क्रीनभर विस्कटलेले. सकाळच्या ठाम वाक्याला आधार मिळेल असं त्यात काही नव्हतं. तिचा चेहरा पडला. खरं तर वर्गातलं त्या दिवसाचं सगळ्यात चांगलं काम तिचंच होतं.

मग पॉल ईस्टविक आणि इलाय फिंकेल या मानसशास्त्रज्ञांचा 2008 चा अभ्यास काढला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले 163 विद्यार्थी, भेटी चार मिनिटांच्याच. आधी विचारलं तेव्हा नेहमीचंच उत्तर आलं: देखणेपणाला मुलांनी जास्त महत्त्व दिलं, कमाईच्या शक्यतेला मुलींनी. प्रत्यक्ष भेटींत मात्र देखण्या आणि चांगलं कमावू शकेल अशा वाटणाऱ्या व्यक्तीकडे दोघांचाही ओढा सारखाच दिसला. एकेकाची लिहिलेली अपेक्षाही त्याच्या ओढीबद्दल फारसं सांगत नव्हती.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण सगळे विद्यापीठातलेच ना? मग कमाईत फरक तो किती असणार?" अगदी रास्त. नॉर्मन ली आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये हाच आक्षेप घेतला होता. त्यांनी सामाजिक स्थानात किंवा दिसण्यात खूप खालच्या पातळीची माणसंही भेटींत आणली, तेव्हा सांगितलेल्या अपेक्षा निवडीत दिसू लागल्या. म्हणजे 'हे तरी हवंच' अशी किमान अट माणूस पाळतो, पण ती ओलांडलेल्यांतून कोण आवडेल ते त्याच्या अर्जावरून सांगणं कठीण जातं.

विद्यार्थिनीने विचारलं, "मग मी प्रयोग काय म्हणून लिहू?" म्हटलं, दोन्ही आलेख लाव. आधी सकाळचा, त्याखाली दुपारचा, आणि पहिला का फसवतो ते आपल्या शब्दांत लिही.