रिकाम्या नळीतले ब्रॅडीरायझोबियम

"मॅडम, जो जिवाणू तुम्ही प्लेटवर कधी वाढवला नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली कधी पाहिला नाहीत, तो मातीत आहे हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगता?"

मी मातीतला डीएनए वाचून जिवाणू ओळखते, म्हणून इंदूरच्या रामबागेतले नातेवाईक हे कुतूहलाने विचारतात, सांवेरकडचे शेतकरी व्यवहार म्हणून विचारतात, आणि ज्यांनी उभा जन्म प्लेटा मोजण्यात घालवला ते माझे ज्येष्ठ सहकारी हसत हसत विचारतात. त्या हसण्याचा मला वर्षानुवर्षे राग येत आला आहे. आता एकदा सविस्तर लिहिते, कारण या शंकेचा एक भाग अन्यायाचा आहे आणि दुसरा इतका रास्त आहे की तो आणखी धारदारपणे विचारला जायला हवा होता.

अन्यायाचा भाग आधी. मातीचे द्रावण रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजले तर जितक्या पेशी दिसतात, त्यांचा अगदी लहानसा अंश प्लेटवर वसाहती करतो. ही तफावत प्लेटवाल्यांनीच मोजलेली आहे, आणि स्टेली व कोनोप्का या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये तिला नावही दिले. म्हणजे न वाढणारे जिवाणू आहेत याबद्दल वाद नाही. ते कोण आहेत हे कळत नव्हते. राइबोसोमच्या १६एस जनुकाने ते कळू लागले, कारण राइबोसोमशिवाय कोणत्याही पेशीचे चालत नाही आणि त्या जनुकाचे काही पट्टे सर्वांत जवळजवळ सारखे, तर मधले पट्टे जातीगणिक वेगळे असतात. सारख्या पट्ट्यांवर प्रायमर, म्हणजे त्यांना जुळणारे डीएनएचे छोटे तुकडे, बसवायचे आणि मधला वेगळा मजकूर वाचायचा. गवताळ प्रदेशांच्या मातीत विपुल आढळणाऱ्या एका जिवाणूची ओळख अशीच पटली. त्याला 'उडेओबॅक्टर' म्हणतात, पण शुद्ध कल्चर हाती नसल्यामुळे नावापुढे 'कँडिडेटस' ही उमेदवारीची पाटी लागलेली आहे. निरनिराळ्या देशांतल्या, डीएनए काढण्याची निरनिराळी किट वापरणाऱ्या प्रयोगशाळांना, डीएनएने भरलेल्या मातीतून तोच मजकूर पुन्हा पुन्हा मिळतो. अशा वेळी "तो आहे" असे मी बिनदिक्कत म्हणते. आणि पाहण्याचाच आग्रह असेल, तर त्या मजकुराला चिकटणारा चमकणारा प्रोब पेशीतल्या राइबोसोमवर बसवून ती पेशी पाहता येते. आपल्या काळ्या मातीत ते जड जाते, कारण मातीचे कणही चमकतात. पण पद्धत आहे.

आता रास्त भाग. डीएनए वाचणारे यंत्र मातीत काय आहे हे सांगत नाही, नळीत काय आहे हे सांगते. या दोहोंतले अंतर मला एका विहिरीने दाखवले.

सांवेर रस्त्यालगतच्या एका शेतात विहिरीचे खोदकाम चालू होते. आमच्या एका विद्यार्थिनीने कापलेल्या भिंतीतून वरपासून खालपर्यंत नमुने घेतले: नांगरटीचा थर, त्याखालची चिकण काळी माती, चुनखडीच्या गाठींचा थर, आणि तळाशी काळा दगड झिजून झालेला मुरूम. प्रत्येक नमुन्याची पाव ग्रॅम माती किटच्या नळीत, मण्यांबरोबर हलवून पेशी फोडायच्या, मग गाळण्या आणि धुण्या. वरच्या थराचा पहिला अर्क कोऱ्या चहासारखा तांबूस येत होता, कारण ह्यूमिक आम्ले डीएनएबरोबर उतरतात आणि डीएनएच्या प्रती वाढवणारा पीसीआर अडवतात. तो दहापट पातळ केल्यावरच पीसीआर चालला. मुरमाचा अर्क मात्र पाण्यासारखा नितळ होता. ती खूश झाली की हा नमुना स्वच्छ आहे. स्वच्छ होता हे खरेच, पण ह्यूमिक आम्लांबरोबर डीएनएही त्यात जवळपास नव्हता.

त्याच दिवशी, त्याच किटमधून, एका नळीत काहीही न घालता सगळ्या पायऱ्या केल्या होत्या. हा ब्लँक. नमुने ज्या सिक्वेन्सिंगवाल्यांकडे जात, त्यांचे म्हणणे पडले की ही नळी पाठवू नका. जेलवर तिची पट्टी दिसत नाही, डीएनए मोजता येत नाही, पैसे फुकट जातील. मी ती पाठवायला लावली. त्यावरून प्रयोगशाळेत कुरबुरही झाली, कारण त्या पैशांत आणखी एका खऱ्या थराचा नमुना बसला असता.

निकाल आले तेव्हा ती धावत आली. ब्रॅडीरायझोबियम, म्हणजे सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणाऱ्यांचे कुळ, वरच्या थरात थोडे होते आणि जसजसे खाली जावे तसतसा त्याचा वाटा वाढत होता; मुरमात ते सर्वांत मोठे होते. स्पष्टीकरणही तिच्याजवळ तयार होते, आणि माळव्यात वाढलेल्या कोणालाही ते पटावे असेच होते. उन्हाळ्यात काळी माती खोल भेगाळते, वरची माती त्या भेगांत पडते, मृगाचे पहिले पाणी तिला आणखी खाली नेते, आणि इथे कित्येक वर्षे सोयाबीन होत आले आहे. प्रबंधाचे एक प्रकरण तिच्या डोक्यात लिहूनही झाले होते.

मी ब्लँकचा स्तंभ उघडला. त्यातही ब्रॅडीरायझोबियम होते, आणि वाचलेल्या पट्ट्यात मजकूर अक्षराअक्षराने तोच.

हे कसे घडते ते सोप्या, मानीव आकड्यांत सांगते. समजा किटच्या द्रावणांतून प्रत्येक नळीत १६एसच्या ५०० प्रती येतात आणि त्या सगळ्या ब्रॅडीरायझोबियमच्या आहेत. वरच्या थरातून १ कोटी प्रती निघाल्या आणि त्यांत खरे ब्रॅडीरायझोबियम २ टक्के असले, तर ते २ लाख झाले. किटच्या ५०० प्रती त्यात कुठेच दिसणार नाहीत. मुरमातून मात्र मातीच्या १,५०० प्रती निघाल्या आणि त्यांत ब्रॅडीरायझोबियम मुळीच नसले, तरी किटच्या ५०० मिळवून २,००० पैकी ५००, म्हणजे २५ टक्के दिसेल. ब्रॅडीरायझोबियमच्या प्रती चारशेपटीने घटल्या आणि त्याची टक्केवारी बारापटीहून अधिक वाढली. यंत्रात घालण्यापूर्वी सर्व नमुने सारख्या प्रमाणात आणले जात असल्याने, मूळ नळीत कोटी होते की हजार हे निकालातून कळतच नाही. वेगळा क्यूपीसीआर करून एकूण प्रती मोजल्या, तेव्हा मुरूम आणि ब्लँक जवळजवळ शेजारी बसले. मग तेच नमुने दुसऱ्या किटने पुन्हा काढले, तर मुरमातले ब्रॅडीरायझोबियम नाहीसे झाले आणि त्याच्या जागी राल्स्टोनिया आले, जे नव्या ब्लँकमध्येही होते.

हे नवे नव्हते. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या एका गटाने साल्मोनेला बोंगोरीचे शुद्ध कल्चर दहा-दहापट पातळ करत नेले, तेव्हा शेवटच्या नळ्यांत साल्मोनेला मागे पडून किटमधले पाहुणे वरचढ झाले होते, आणि निरनिराळ्या किटचे पाहुणे निरनिराळे होते. अशा पाहुण्यांच्या यादीत ब्रॅडीरायझोबियम आहे हे मला पाठ होते. विष्ठेच्या नमुन्यांत हा प्रश्न सहसा छळत नाही, कारण तिथे डीएनए उदंड असतो; खोल माती, शुद्ध केलेले पाणी, रक्त यांत तो जीव खातो.

तिने विचारले की मग ब्लँकमध्ये दिसणारे नाव सगळ्या नमुन्यांतून वजा करून टाकावे का. वरच्या थरातले ब्रॅडीरायझोबियम खरे आहे. सोयाबीनची झाडे उपटून गाठी हातावर घेता येतात. नाव वजा केले तर खोट्याबरोबर खरेही जाईल. संगणकाकडे सोपवावे तर असे पाहुणे हुडकणाऱ्या 'डीकॉन्टॅम' या प्रोग्रॅमचा नेहमीचा आदेश असा:

```
isContaminant(ps, method = "frequency", conc = "quant")
```

तो असे धरून चालतो की पाहुण्याचा वाटा एकूण डीएनए घटला की त्या प्रमाणात वाढतो, आणि पाहुणे मातीच्या मानाने फार थोडे आहेत. आमच्याकडे वरच्या थरात खरे आणि पाहुणे एकाच नावाने बसलेले होते, त्यामुळे पहिले गृहीत मोडले. मुरमात दोघे बरोबरीचे होते, त्यामुळे दुसरेही. मी ते प्रकरण छापू दिले नाही. ती त्या दिवशी काही बोलली नाही, पण नंतर कित्येक दिवस माझ्या खोलीत येणे टाळत असे.

तरुणपणची मी इथे भांडायला उभी राहते. ती म्हणते, की पुराव्याला एवढे घाबरायचे असेल तर प्लेटवालेच बरे होते. तिला मी सांगते, की प्लेटवरही पाहुणे येतात, फक्त ते बुरशीच्या ठिपक्यासारखे डोळ्यांना दिसतात; इथे ते आपल्याच नमुन्याचे कपडे घालून येतात. ती यावर गप्प बसत नाही. तिचे म्हणणे असे की ब्लँकमध्ये एखादा मजकूर सापडला म्हणजे तो मातीत नाही हे सिद्ध होत नाही, आणि हे तिचे बरोबर आहे.

आम्ही निर्जंतुक वाळूत सोयाबीन लावून त्यावर मुरमाचे पाणी घालून पाहिले. गाठी आल्या नाहीत. पण गाठी करणारी जनुके १६एसपासून वेगळ्या जागी असतात आणि ती नसलेले ब्रॅडीरायझोबियम मातीत भरपूर असतात. आमचा जेमतेम अडीचशे अक्षरांचा पट्टा त्या दोघांत भेद करत नाही. म्हणजे गाठी न येण्याने, गाठी करणारे तिथे आहेत का या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर झाले, ब्रॅडीरायझोबियम तिथे आहे का या माझ्या प्रश्नाचे नाही.

प्रबंधात मुरमाचा थर आहे, त्याशेजारी ब्लँकचा स्तंभ आहे, आणि त्या थराबद्दल कोणताही दावा नाही. भेगांची गोष्ट खरी आहे असे त्या विद्यार्थिनीला अजून वाटते. माझे म्हणणे असे, की पाव ग्रॅमऐवजी दहा ग्रॅम मुरूम घेऊन, प्रत्येक किटच्या जोडीला दोन-तीन ब्लँक लावून, प्रती मोजूनच बोलावे; माती वाढली तर तिच्या प्रती वाढतील आणि किटच्या तेवढ्या वाढणार नाहीत. त्यावर तिचा आक्षेप आहे, की मोठ्या किटमध्ये द्रावणेही जास्त, म्हणून पाहुणेही जास्त. ती विहीर आता बांधून झाली आहे आणि तिची भिंत पुन्हा कापता येणार नाही, तेव्हा शेजारच्या शेतात खोदकाम निघाले की आम्हा दोघींनाही कळवा असे त्या शेतकरीदादांना सांगून ठेवले आहे.