रोजची किरकिर पत्रिकेत कुठे दिसते?

"28 गुण जुळलेत, मंगळही नाही. तरी रोज कशावरून ना कशावरून वाजतंच. मग पत्रिकेत बघायचं राहिलं काय?"

षष्ठस्थान, म्हणजे पत्रिकेतलं सहावं घर. गुणमेलन दोघांच्या चंद्रनक्षत्रांवरून होतं, त्यात जन्मवेळी उगवणारी लग्नरास आणि तिच्यापासून मोजलेली स्थानं येतच नाहीत. षष्ठ हे रोग, ऋण, रिपू आणि सेवेचं स्थान. शिवाय सप्तमापासून, म्हणजे जोडीदाराच्या घरापासून मोजलं तर ते बारावं, म्हणजे जोडीदाराचं व्ययस्थान. संसारात रोज थोडं थोडं काय खर्ची पडतं, ते इथे वाचतात. (षडाष्टक वेगळं. ते चंद्रराशींचं नातं आहे, त्यात आणि यात गल्लत नको.)

आधी दोघांचे षष्ठेश, म्हणजे षष्ठातल्या राशीचे स्वामी ग्रह, कुठे बसलेत ते पाहा. समजा, तिची लग्नरास मेष आहे. षष्ठात कन्या आली, षष्ठेश बुध, आणि तो सप्तमात तुळेत. म्हणजे वादाचा धनी थेट नवऱ्याच्या घरात. बुध असल्यामुळे भांडण शब्दावरून, हिशेबावरून: दुधाचे पैसे दिले की नाही, मी काय म्हणाले आणि तू काय ऐकलंस. कन्या रास पोटाची, म्हणून चिडचिड झाली की पहिलं जेवण बिघडतं.

त्याचं कर्क लग्न, षष्ठात धनूचा शनी. कर्केला शनी सप्तमेश असतो, म्हणजे इथे बायकोचा कारभारी ग्रह सेवेच्या घरात गेला. हा माणूस प्रेम बोलून दाखवत नाही. तिच्या गोळ्या न सांगता आणून ठेवतो, पण रात्रीचं जेवण 8 चं 9 झालं की गप्प होतो. तिला ते गप्प बसणं टोचतं, कारण तिचा बुध बोलण्यावर जगतो. एकाचं षष्ठ नुसतं पाहिलं असतं, तर हा पेच दिसलाच नसता.

षष्ठात शनी किंवा मंगळ दिसला की स्थळ नाकारणारे पुष्कळ. तसं करू नका. हे उपचयस्थान आहे, पापग्रह इथे मेहनतीचं फळ देतात. या शनीमुळेच त्याचं खाणं-झोपणं वेळेवर आहे.

किरकिर कधी वाढेल, ते दशा सांगते. तिला बुधाची महादशा असेल, तर त्यातली मंगळाची अंतर्दशा 11 महिने 27 दिवसांची असते. मंगळ तिचा लग्नेश, शिवाय अष्टमेशही, त्यामुळे त्या काळात शब्दाला धार येते. तेवढ्या दिवसांत पैशांचं तोंडी ठेवू नये. वहीत लिहावं, आठवड्यातून एकदाच दोघांनी बसून पाहावं. जेवणाची वेळ त्याची पाळावी, आणि त्याच जेवणावर त्याने तोंड उघडून बोलावं.

हे सगळं जन्मवेळेवर उभं आहे. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, त्यामुळे वेळ "सकाळी कधीतरी" अशी असेल तर षष्ठ वाचूच नये. आणि पोट सतत दुखत असेल, तर पत्रिका मिटून डॉक्टरकडे जावं. वेगळं होण्याचा प्रश्न असेल, तर तो सप्तम, अष्टम आणि शुक्रावरूनही बघतात, नुसत्या षष्ठावरून नाही.