यमुना सरकली, हद्द नाही

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागातल्या एका छोट्या ऑफिसात मी नकाशे डिजिटाइझ करते. परवा हरियाणा-यूपी हद्दीची फाइल आली, सोनीपत-बागपतकडची. जुन्या शीटवरची राज्याची रेघ सॅटेलाइट इमेजवर टाकली तर ती सरळ शेतांतून जात होती आणि यमुना जवळजवळ एक किलोमीटर पूर्वेला. मला वाटलं शीट नीट बसली नाहीये, म्हणून मी रेघ उचलून नदीच्या मधोमध आणून ठेवली, सेव्ह केलं आणि चहाला गेले.

परत आले तर आमचे सीनियर काका स्क्रीनसमोर बसलेले. "अगं, हे काय केलंस? आधी न हलणारं काहीतरी बघ." मग आम्ही रेल्वेचा पूल, एक जुनं देऊळ आणि कालव्याचं वळण तपासलं, तिन्ही नीट जुळत होते. 1:50,000 च्या शीटवर एक मिलिमीटर म्हणजे 50 मीटर, तेवढा फरक मी समजू शकते, पण देऊळ जागेवर आणि नदी किलोमीटरभर लांब, म्हणजे शीट बरोबर होती, नदीच सरकली होती.

आणि इमेजवर ते दिसतंही. रेघेच्या कडेला कोयत्यासारखं वळलेलं पाण्याचं तळं आहे, भोवतीची शेतं त्याच वळणाने आखलेली, ते नदीचं जुनं पात्र. यमुनेचा खादर, म्हणजे पुराचं पाणी पसरतं तो काठचा सखल पट्टा, नुसती वाळू आणि गाळ आहे, वळणाची बाहेरची बाजू दर पावसाळ्यात खचते, आतल्या बाजूला गाळ साचतो, आणि एखाद्या मोठ्या पुरात नदी वळणाची मान कापून सरळ निघून जाते. आपली चंबळ बऱ्याच ठिकाणी खोल दरीतून वाहते, ती अशी सहजासहजी हलत नाही, म्हणून माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

पूर्वी खोल धार हीच हद्द धरायचे. धार सरकली की जमीनही पलीकडच्या राज्यात, पेरायचं एकाने आणि कापणीला भांडायला दुसरा हजर, त्यातून मारामाऱ्या व्हायच्या. म्हणून या हद्दीच्या वादावर दिलेल्या दीक्षित निवाड्यावरून 1979 चा कायदा झाला आणि हद्द एकदाच पक्की केली, आता नदी हळूहळू सरकू दे की एका रात्रीत, रेघ तिथेच. बिहार-यूपीत गंगा आणि घाघरेसाठी असाच कायदा 1968 ला झाला होता.

म्हणजे मी एका क्लिकमध्ये कितीतरी लोकांची शेतं दुसऱ्या राज्यात टाकली होती! खरंच हात थंड पडले. कुणीतरी तोच नकाशा घेऊन पटवाऱ्याकडे गेला असता तर?

रेघ परत जुन्या जागी नेली, मग गावांचे खसरा नंबर, म्हणजे शेतांचे सर्व्हे नंबर, एकेक करून लावून बघितले, ते त्याच रेघेशी येऊन थांबत होते. एका खसऱ्याच्या मधूनच आता यमुना वाहतेय, अर्धं शेत अलीकडे, अर्धं पलीकडे, आणि शेतकऱ्याला स्वतःच्याच बांधावर जायला होडी लागत असणार. फाइलवर नोट टाकली, हद्द नदीला जोडू नये, आणि संध्याकाळी सातला पाठवली.