कुसुंबी शेला, चार किलो सिलिका जेल आणि खरेदी विभाग

कोकणात जुनं रेशीम काचेच्या पेटीत मांडायचं, तर पेटी होते, दिवे होतात, पाटही होतो. घोडं पेंड खातं ते पेटीतल्या दमटपणावर. पावसाळ्यात किनाऱ्यावर बाहेरची आर्द्रता 85-90 टक्क्यांवर मुक्काम ठोकून असते आणि 65 च्या वर कापड फार दिवस राहिलं की बुरशी धरते. आमच्या छोट्या संग्रहालयातला जरीकाठी कुसुंबी शेला याच पायरीवर अडला. कारण होतं ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलचं मागणीपत्र.

पेटी आतून 120 बाय 80 बाय 20 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 0.19 घनमीटर. साधं जेल घनमीटरला 20 किलो धरतात, म्हणून आम्ही 4 किलो मागितलं, बिनरंगी. खरेदी विभागाने सगळ्यात स्वस्त दरपत्रक मंजूर केलं आणि आल्या निळ्या दाण्यांच्या पुड्या. निळा रंग कोबाल्ट क्लोराईडचा. ते आरोग्याला घातक, शिवाय जेल पुरतं कोरडं आहे एवढंच तो सांगतो. ते बदलून घ्यायला पुन्हा नवं मागणीपत्र, पुन्हा तीन दरपत्रकं. “जेल ते जेल, त्यात काय एवढं?” असं विचारणाऱ्याला समजावण्यातच आमचा जीव मेटाकुटीला आला.

कोरडं जेल तसंच पेटीत ठेवलं तर हवा 20-30 टक्क्यांवर उतरते. रेशीम कडक होतं, जुने धागे तुटायला लागतात. शिवाय रेशीम आकसतं, पण जरीची धातूची पट्टी आकसत नाही, त्यामुळे काठाला चुण्या पडतात. आपल्याला हवा कोरडी करायची नसते, 50 ते 55 वर थोपवायची असते. म्हणून जेलला आधी तेवढाच ओलावा पाजून तयार करावं लागतं.

त्यासाठी एक खोली बंद करून आर्द्रता काढणाऱ्या यंत्रावर 55 टक्क्यांना धरली. ताटांमध्ये जेलचा बोटभर जाडीचा थर पसरला, रोज हलवलं, रोज वजन केलं. कोरडं 4 किलो जेल पाच किलोच्या पुढे जातं आणि मग काटा एका जागी थांबतो. लागोपाठ वजनं सारखी आली की जेल तयार झालं. घाई म्हणून पाणी शिंपडू नका, दाणे तडतडून फुटतात आणि त्यांची भुकटी कापडावर जाते. 60 च्या पुढे साध्या जेलची ओलावा झेलण्याची ताकद फारच कमी उरते, म्हणून “कोकणात 65 चालेल” हा सल्ला मला पटत नाही.

तयार जेल न विणलेल्या पॉलिएस्टरच्या पिशव्यांत भरून शेल्याखालच्या कप्प्यात ठेवलं आणि हवा फिरावी म्हणून वरच्या फळीला चारी बाजूंनी फट सोडली. आर्द्रता टिपणारं एक नोंदयंत्र आत, एक बाहेर. खोलीची रेषा वरखाली उड्या मारते, पेटीची सपाट चालली पाहिजे. ती काही तासांतच खोलीमागे धावू लागली, तर जेलला दोष देऊ नका, दार गळतंय. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज सुटून आली, तर तिथली पॅकिंग दाबलीच जात नाही.

पॅकिंगवरून आठवलं, ती सिलिकॉनची घ्या. काळ्या रबरातलं गंधक चांदीची जर काळवंडवतं. आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट तर पेटीच्या जवळही नको, तो वास ॲसिटिक ॲसिडचा असतो.

नोंदयंत्रावर विसंबण्याआधी ते तपासा. झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने भिजल्या वाळूइतकं ओलसर करा आणि यंत्रासह घट्ट पिशवीत रात्रभर ठेवा. आकडा 75 च्या आसपास यायला हवा.

खोलीचा एसी संध्याकाळी बंद करण्याचा कार्यालयीन हुकूम असेल, तर तो अजिबात न लावलेला परवडला. रोज चढउतार झाला की कापड रोज फुगतं आणि रोज आकसतं.

प्रकाशाचं गणित मात्र कडक आहे. दिवे पेटीबाहेर, कापडाच्या पृष्ठभागावर 50 लक्स, तेही लक्समीटरने मोजून. दिवसाला 8 तास धरले तर 400 लक्स-तास होतात. कुसुंबीसारख्या उडत्या रंगाला वर्षाला 15,000 लक्स-तासांची मर्यादा धरतात. म्हणजे सदतीस दिवसांत वर्षाचा कोटा संपला! म्हणून आम्ही पेटीवर जाड कापडाचा पडदा टाकला. बघणाऱ्याने तो उचलायचा, बघून झालं की सोडायचा.

शेला टांगला नाही. तिरप्या पाटावर पॉलिएस्टरची पातळ गादी, त्यावर धुऊन खळ काढलेलं बिनरंगी सुती कापड. वाकड्या सुईने आणि बारीक रेशमी धाग्याने टाके घातले, तेही दोन धाग्यांच्या मधून, धागा फोडून नाही. जरीच्या पदराखाली टाके जवळजवळ घेतले, कारण सगळं वजन तिथेच असतं.