श्वास घेताना माझे पाय का बुडत होते

गोव्याच्या अर्ध्या आयर्नमॅन स्पर्धेत १.९ किलोमीटर समुद्रात पोहून झाल्यावर ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे बाकी असते. तिथले पाणी उबदार असल्यामुळे वेटसूट घालता येत नाही, आणि थंड पाण्यातल्या स्पर्धकाचे पाय वेटसूटच्या आधाराने जसे आपोआप वर राहतात, तशी सोय आपल्याला मिळत नाही. नोंदणी केल्यानंतर मला पोहण्याचा वेग वाढवण्यापेक्षा त्याच वेगाला लागणारे श्रम कमी करायचे होते.

माझ्या प्रशिक्षकांनी कोणतेही ड्रिल देण्यापूर्वी एक साधी तपासणी केली. त्यांनी मला सारख्याच वाटणाऱ्या श्रमाने २५ मीटर तीन प्रकारे पोहायला लावले. नेहमीच्या पद्धतीने ३४ सेकंद आणि २६ हात लागले. मांड्यांमध्ये पुल बॉय, म्हणजे पाय तरंगते ठेवणारा फोमचा तुकडा, धरल्यावर वेळ ३१ सेकंदांवर आली. पुल बॉय काढून, कपाळावरून वर जाणारा स्नॉर्कल लावून, म्हणजे श्वासासाठी मान मुळीच न वळवता पोहलो, तेव्हा ३२ सेकंद लागले. पहिल्या फरकावरून पाय खाली लोंबतात हे कळलेच, पण दुसऱ्या फरकाने त्याचे कारण दाखवले: मान वळवावी लागत नव्हती तेव्हा पाय बहुतांशी जागेवर राहत होते. दोष किकमध्ये असता, तर स्नॉर्कलने एवढा फरक पडला नसता.

पाण्याखालच्या चित्रीकरणात बाकीचे उलगडले. मी उजवीकडे श्वास घेतो. त्या क्षणी पुढे लांबवलेला डावा हात कोपर खाली सोडून पाणी तळाकडे दाबत होता, आणि त्या दाबाच्या आधाराने डोके वर येत होते. फुप्फुसांतल्या हवेमुळे छाती तरंगते आणि शरीराचा जड भाग कमरेकडे असतो, त्यामुळे डोके उचलले की पाय लगेच खाली जातात. शिवाय तळाकडे दाबलेले पाणी शरीराला पुढे नेत नाही, म्हणून डाव्या हाताचा कॅच, म्हणजे पुढे टाकलेल्या हाताने पाणी पकडून मागे ढकलायला सुरुवात करणे, हेही वाया जात होते. शरीराची स्थिती आणि कॅच हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात, पण प्रौढपणी पोहायला शिकलेल्या अनेकांच्या बाबतीत ते श्वासाच्या क्षणी एकत्रच बिघडतात, असे माझे ठाम मत झाले आहे.

म्हणून आम्ही सुरुवात कुशीवरच्या किकने केली. लहान फिन्स घालून एका कुशीवर राहायचे, खालचा हात खांद्याच्या रेषेत पुढे, वरचा हात मांडीला टेकलेला आणि नजर तळाकडे. श्वास हवा असेल तेव्हा डोके न उचलता फक्त फिरवायचे, इतके की गॉगलची एक काच पाण्यातच राहील. पुढचा हात श्वासाच्या वेळी खाली सरकला, तर समजायचे की आपण अजून त्याच्यावर रेलतो आहोत. हे जमल्यावर सहा किक, तीन हात आणि पुन्हा सहा किक असा क्रम सुरू केला.

कॅचसाठी पुढचे स्कलिंग सर्वांत उपयोगी पडले. पुल बॉय धरून दोन्ही हात पुढे ठेवायचे, कोपर पृष्ठभागाजवळ, बोटांची टोके किंचित खाली, आणि तळवे सावकाश बाहेर व आत फिरवायचे. पुढे सरकण्याचा वेग अगदी थोडा असतो आणि तसाच असावा, कारण इथे तळव्यांवर व मनगटापासून कोपरापर्यंतच्या भागावर सतत दाब जाणवणे महत्त्वाचे आहे. त्यानंतर २५ मीटर मुठी आवळून आणि लगेच २५ मीटर हात उघडून पोहायचे. मूठ बंद असताना कोपर पडले, तर हात पाण्यातून नुसता निसटतो आणि दोष ताबडतोब कळतो. ही ड्रिल्स सरावाच्या सुरुवातीला, हात ताजे असतानाच करावीत. थकल्यावर जुनीच सवय पक्की होते.

एक मर्यादा मात्र पाळावी लागते. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या चाळिशीतल्या माणसाचा खांदा ऑलिंपिक जलतरणपटूंसारखा फिरत नाही. कोपर जबरदस्तीने उंच ठेवताना माझ्या खांद्याच्या पुढच्या बाजूस दुखू लागले, तेव्हा प्रशिक्षकांनी हात थोडा रुंद आणि थोडा खोल ठेवायला सांगितले. तळवा आणि कोपरापर्यंतचा हात मागच्या दिशेला पाहत असेल, तर तेवढे पुरते.

प्रगती मोजताना नुसते हात मोजणे फसवे ठरते. मध्यंतरी २५ मीटरला १९ हात लागू लागले, पण वेळ ३७ सेकंदांवर गेली, कारण प्रत्येक हातानंतर मी घसरत थांबत होतो आणि कमी झालेला वेग पुन्हा मिळवण्यात शक्ती खर्च होत होती. तेव्हापासून हात आणि सेकंद यांची बेरीज पाहतो. सुरुवातीला ती ६० होती. आता २२ हात आणि ३२ सेकंद, म्हणजे ५४ आहे, आणि त्या गतीने लांब अंतर पोहल्यावरही दम पूर्वीइतका लागत नाही.

समुद्रात दिशा पाहण्यासाठी डोके वर घ्यावेच लागते. त्यासाठी आठ-दहा हातांनंतर एकदाच, आणि फक्त डोळे पाण्याबाहेर येतील इतकेच वर घेतो, व श्वास त्यानंतर नेहमीसारखा कुशीवर वळूनच घेतो.