धूसर फोटोचा तपास: डाग, प्रोटेक्टर की फोकस? (नोंदवही)

चाचणीला घेतलेल्या फोनची तक्रार एका ओळीची आहे: "फोटो धूसर येतात." मागे मुख्य, अल्ट्रावाइड आणि टेली असे तीन कॅमेरे आहेत. तिन्ही भिंगं आणि फ्लॅश झाकणारा एकच अखंड काचेचा प्रोटेक्टर चिकटवलेला आहे, आणि वरून चुंबक असलेलं कव्हर. अशा फोनमध्ये तिन्ही दोष एकावर एक बसलेले असू शकतात. त्यामुळे तपासाचा क्रम ठरलेला बरा: आधी डाग, मग प्रोटेक्टर, शेवटी फोकस. क्रम उलटा केला तर फसगत होते. काच तेलकट असली की कॉन्ट्रास्ट पडतो, फोकस शोधणारी यंत्रणा चाचपडते आणि फोकससाठी भिंग सरकवणारी मोटर धडधाकट असूनही बिघडल्यासारखी वाटते.

नोंद १: आधी मांडणी

दिवसाउजेडात, फोन स्टँडवर आणि टायमर २ सेकंदांवर. कमी उजेडात हात हलल्याने आलेला धूसरपणा आणि नॉइज घालवताना सॉफ्टवेअरने पुसलेला तपशील, हे दोन्ही यात मिसळले तर काहीच कळत नाही. समोर छापील मजकुराचा कागद ठेवायचा आणि १५ सेंमी, ३० सेंमी, १ मीटर, ५ मीटर अशा चार अंतरांवरून फोटो घ्यायचे. सगळे फोटो १ पट झूमवर.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, कागद जवळ आणला की बरेच फोन गुपचूप अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर उडी मारतात. कोणता कॅमेरा चालू आहे ते एकेका भिंगावर बोट धरून बघावं. ज्यावर बोट ठेवल्यावर चित्र काळं होतं तो आपला. (बोट ठेवलं की ते भिंग परत पुसणं आलंच.) दुसरा, स्क्रीनवर बोट दाबून ठेवल्याने फोकस लॉक झालेला असतो आणि सगळे त्याला बिघाड समजतात.

अल्ट्रावाइड आणि पुढचा कॅमेरा अनेक फोनमध्ये फिक्स्ड फोकसचा असतो, म्हणजे मोटर नसतेच. त्यातून १० सेंमीवरचा मजकूर धूसर येणं हा दोष नव्हे. अँड्रॉइड फोन संगणकाला जोडून हे एका ओळीत तपासता येतं:

```
adb shell "dumpsys media.camera | grep -A 1 minimumFocusDistance"
```

प्रत्येक कॅमेऱ्याचा आकडा डायॉप्टरमध्ये येतो. 0 म्हणजे फिक्स्ड फोकस. 10 म्हणजे १ भागिले १० मीटर, अर्थात १० सेंमीपर्यंत जवळ फोकस व्हायला हवा. काही फोनमध्ये हा आकडा नीट कॅलिब्रेट केलेला नसतो, म्हणून तो अंदाज म्हणूनच घ्यावा. या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याने 10 दाखवलं.

चारही फोटो धूसर. पण ५ मीटरच्या फोटोत अक्षरांच्या कडा जागेवर आहेत, फक्त काळ्यावर पांढुरकी साय धरल्यासारखी. १५ सेंमीच्या फोटोत मात्र कडाच विरघळल्या आहेत. म्हणजे हे एकच दुखणं नाही.

नोंद २: एका ठिपक्याची परीक्षा

मजकुरापेक्षा बोलका पुरावा म्हणजे उजेडाचा एक बारीक ठिपका. दुसऱ्या फोनचा टॉर्च लावायचा, त्यावर टाचणीने भोक पाडलेला काळा पुठ्ठा धरायचा, खोलीत अंधार करायचा आणि ४ मीटरवरून फोटो घ्यायचा. एक्स्पोजर खाली ओढावं, नाहीतर ठिपका फुलून सगळं सारखंच दिसतं.

डाग असेल तर ठिपक्याचा गाभा टोकदारच राहतो, फक्त त्याला शेपट्या फुटतात किंवा भोवती धुकट वलय येतं. शेपट्यांची दिशाही बोलते. बोटाचं तेल उभं पुसलं गेलं की त्यात बारीक उभ्या रेघा राहतात, आणि उजेड त्या रेघांना काटकोनात, म्हणजे आडवा पसरतो. काच नव्वद अंशांत पुसून पुन्हा फोटो घेतला आणि शेपटीही तेवढीच फिरली, तर पुढे काही तपासायची गरज नाही: तो डागच.

फोकस चुकलेला असेल तर गाभा उरतच नाही. ठिपक्याची भरीव, स्पष्ट कडेची चकती होते.

प्रोटेक्टरचा दोष असेल तर मूळ ठिपक्याबरोबर त्याची फिकट जुळी दिसतात, काचांमध्ये उजेड मागेपुढे आपटल्यामुळे. पण उघड्या भिंगातही तेजस्वी दिव्याचं फिकट भूत चौकटीच्या मध्यापलीकडे, समोरासमोर उमटतं; ते सगळ्याच फोनमध्ये थोडंफार असतं. म्हणून जुळं दिसलं एवढ्यावर प्रोटेक्टरला दोषी धरू नये. तो काढल्यावर जुळं गेलं की नाही, हे महत्त्वाचं.

या फोनवर टोकदार गाभा आणि आडव्या शेपट्या दिसल्या. शिवाय दोन फिकट जुळी.

आता याच मांडणीतली सर्वात उपयोगी युक्ती. प्रो मोडमध्ये जाऊन मॅन्युअल फोकसची पट्टी हळूहळू फुलाच्या, म्हणजे जवळच्या टोकाकडे न्यायची. ठिपका मोठा होत चकती बनतो, आणि त्या चकतीत भिंगासमोरची घाण नकाशासारखी उमटते: धुळीचे काळे बिंदू, बोटाच्या रेघा, प्रोटेक्टरखाली अडकलेला बुडबुडा. पुसल्यावर हलणारं ते वरच्या पृष्ठभागावरचं, न हलणारं ते प्रोटेक्टरच्या खालचं किंवा आतलं. या फोनच्या चकतीत रेघा होत्या आणि एका कडेला डाळीच्या दाण्यासारखा आकार, जो पुसल्यावरही तिथेच राहिला. आणखी एक गोष्ट खटकली: पट्टी अर्ध्यावर येईपर्यंत चकती वाढली, पुढे पट्टी सरकत राहिली पण चकती आहे तेवढीच. याकडे नोंद ४ मध्ये येऊ.

नोंद ३: पुसणं आणि प्रोटेक्टर काढणं

आधी हवेच्या फुग्याने धूळ उडवायची, मग काचेवर हलकी वाफ सोडून स्वच्छ मायक्रोफायबरने मधून बाहेर गोल पुसायचं. तेल हटत नसेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब कापडावर घ्यायचे, थेट काचेवर नाही. शर्टाच्या टोकाने पुसणं म्हणजे तेल पसरवणं. त्यातच धुळीचा कण असला तर ओरखडा फुकट.

पुसल्यावर शेपट्या गेल्या, ५ मीटरच्या फोटोवरची साय बरीच उतरली. जुळी तशीच.

मग फ्लॅशची परीक्षा. अंधाऱ्या खोलीत काळ्या कापडाचा फ्लॅश लावून फोटो घेतला. कापड राखाडी आलं आणि फ्लॅशकडच्या बाजूला जास्त पांढरट. फ्लॅश आणि भिंग एकाच अखंड काचेखाली असले की फ्लॅशचा काही उजेड त्या काचेतूनच आडवा सरकत भिंगात शिरतो. नंतर फ्लॅशच्या कडेने काळ्या टेपचं कडं बसवून थोडा फरक पडतो, पण काच तीच राहते. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परततो, म्हणजे एका प्रोटेक्टरचे दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे ८ टक्के. हाच परतणारा उजेड जुळी तयार करतो.

काढताना केस वाळवण्याच्या यंत्राची मंद गरम हवा २०-३० सेकंद द्यावी, मग कोपऱ्यातून दातांचा दोरा सरकवत न्यावा. धातूची पात नको. काच तडकलेली असेल तर आधी वरून चिकटपट्टी लावून घ्यावी, म्हणजे चुरा भिंगावर पडत नाही. उरलेला गोंद अल्कोहोल लावलेल्या कापडाने निघतो.

डाळीच्या दाण्याचा उलगडा झाला: प्रोटेक्टरच्या खालच्या गोंदाचा ओघळ भिंगाच्या तोंडावर आला होता. काढल्यावर दोन्ही जुळी गेली, काळं कापड काळं आलं. टेली कॅमेऱ्यात सुधारणा सर्वात ठळक दिसली, आणि ते अपेक्षितच होतं. काचेतला किंचित वाकडेपणाही लांब फोकल लेंग्थमध्ये मोठा होऊन दिसतो. प्रोटेक्टर बरा की वाईट हे ठरवायचं असेल तर मुख्य कॅमेऱ्याने नव्हे, टेलीने ठरवावं.

५ मीटर आणि १ मीटरचे फोटो आता लख्ख. ३० सेंमी किंचित मऊ, १५ सेंमी पूर्वीइतकाच वाईट.

नोंद ४: उरलेला फोकस

निकष सोपा आहे. डाग किंवा प्रोटेक्टर प्रत्येक अंतरावर त्रास देतो. फोकस अडकला असेल तर एखादं अंतर तरी असं सापडतं जिथे चित्र धारदार येतं. इथे १ मीटरच्या पुढे धारदार, जवळ धूसर. म्हणजे भिंग दूरच्या बाजूला अडकलंय. (चित्राची एक बाजू धारदार आणि दुसरी धूसर असती, तर भिंग तिरकं बसल्याचा संशय घ्यावा लागला असता. पडलेल्या फोनमध्ये ते दिसतं.)

चुंबकाचं कव्हर काढून पुन्हा तपासलं. फोकसची मोटर म्हणजे गुंडाळी आणि चुंबक, त्यामुळे बाहेरचा चुंबक तिला भरकटवू शकतो. इथे फरक शून्य.

आता चकतीकडे. या कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ सुमारे ६ मिमी. अनंताच्या जागेपासून भिंग किती पुढे सरकावं लागतं, याचं गणित असं. x म्हणजे भिंगाची ही धाव, f म्हणजे फोकल लेंग्थ आणि u म्हणजे वस्तूचं अंतर:

```
x = f² / (u - f)
```

१ मीटरसाठी ते ०.०४ मिमी येतं, ३० सेंमीसाठी ०.१२ मिमी, आणि १० सेंमीसाठी ०.३८ मिमी. म्हणजे जवळचे शेवटचे २० सेंमीच सर्वात जास्त धाव मागतात, आणि मोटर कमजोर झाली की आधी तेच हातचे जातात. पट्टी पार टोकाला नेऊन कागद पुढेमागे केला, तेव्हा तो ४० सेंमीवर धारदार दिसला. गणिताने ही धाव ०.०९ मिमी होते. १० सेंमीसाठी लागणाऱ्या धावेच्या चौथ्या हिश्शाएवढीही नाही. पट्टीला थोडा तरी प्रतिसाद आहे, म्हणजे मोटर पूर्ण मेलेली नाही. पट्टीने काहीच हललं नसतं तर वायर, कनेक्टर किंवा गुंडाळीकडे बोट दाखवता आलं असतं. पट्टीने सगळं नीट चाललं असतं आणि फक्त आपोआप फोकस चुकला असता, तर अंतर मोजणारा सेन्सर झाकला गेलाय का ते बघावं लागलं असतं.

शेवटची परीक्षा गुरुत्वाकर्षणाची. जवळच्या फोकससाठी भिंग बाहेरच्या बाजूला सरकतं. कॅमेरा खाली करून टेबलावरचा कागद बघितला की भिंगाचं वजन मोटरला मदत करतं, वर करून बघितलं की विरोध. पट्टी टोकाला ठेवून, खाली बघताना १८ सेंमीवर धारदार. वर बघताना ६० सेंमीच्या अलीकडे काहीच नाही. धडधाकट मोटरमध्ये असा फरक इतका मोठा नसतो. मोटरची ताकद कमी पडतेय किंवा वाटेत कण अडकून घर्षण वाढलंय, दोन्हीपैकी काहीही असलं तरी उपाय एकच: कॅमेरा मॉड्यूल बदलणं. फोन आपटून कण सुटला तर तो दुसरीकडे जाऊन बसतो. बंद फोन हलवल्यावर येणारी हलकी खडखड मात्र दोष मानू नये. स्थिरीकरण असलेलं मॉड्यूल वीज नसताना मोकळं हलतं.

मॉड्यूल यायचं आहे. तोवर कागदपत्रांसाठी ४० सेंमीवरून २ पट झूम, आणि शक्यतो कॅमेरा खाली करून. बदललेल्या मॉड्यूलवर हीच पट्टी आणि हाच ठिपका पुन्हा लावून आकडे पुढच्या नोंदीत.