न झालेली दंगल मोजायची कशी?

“मॅडम, माझा पेपर भिवंडीच्या मोहल्ला समित्यांवर आहे. डिसेंबर १९९२ मध्ये तिथे दंगल झाली नाही ती समित्यांमुळेच, हे सिद्ध कसं करायचं?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण आधी त्या ‘मुळेच’मधला ‘च’ काढा. तो तुम्हाला शेवटपर्यंत छळेल. संघर्ष-अभ्यासाचा पेपर शिकवायला लागल्यापासून दरवर्षी कोणीतरी हा प्रश्न घेऊन येतं. येणाऱ्याच्या डोक्यात गोष्ट तयार असते: भिवंडीत १९७० आणि १९८४ साली दंगली झाल्या, १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत मिळून हिंदू-मुसलमान रहिवाशांच्या, पोलिसांशी जोडलेल्या सत्तर समित्या उभ्या केल्या, आणि बाबरी मशीद पडल्यावर मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. गोष्ट खरीच आहे. फक्त तिच्या मधोमध एक उडी आहे आणि ती कोणाला दिसत नाही.

थोडी वजाबाकी करून पाहू. १९७० ते १९८४ ही चौदा वर्षं झाली. त्या चौदा वर्षांत मोहल्ला समिती नावाची चीज नव्हती आणि तरीही दोन मोठ्या दंगलींच्या मधला तो काळ मोठ्या दंगलीविना गेला. उलट १९८४ ते १९९२ ही जेमतेम आठ वर्षं. म्हणजे ‘समित्या आल्या आणि पुढची चार वर्षं दंगल झाली नाही’ हे वाक्य पुरावा म्हणून जवळपास निकामी आहे, कारण समित्या नसतानाही ती चार वर्षं तशीच गेली असती अशी शक्यता भरपूर. दंगलखोर म्हणून बदनाम झालेल्या गावातही दंगल ही विरळाच गोष्ट असते. शिवाय अशा उपक्रमाची निवड बहुतेक वेळा सगळ्यात वाईट घटनेनंतर होते, आणि सगळ्यात वाईटानंतरचं वर्ष आपोआप बरंच दिसतं. तापाच्या टोकाला दिलेल्या औषधाला गुण येतो, तसंच हे.

तरीही मी भिवंडीचं प्रकरण टाकून देत नाही. चार शांत वर्षांनी काही सिद्ध होत नसलं, तरी ६ डिसेंबर १९९२ नंतरचे आठवडे वेगळे आहेत. ती परीक्षा बाहेरून आली, एकाच वेळी सगळ्या शहरांवर आली आणि तिची तारीख भिवंडीच्या कोणी ठरवली नव्हती. तासा-दीड तासाच्या अंतरावरच्या मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी मिळून नऊशे माणसं मेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. १९८४ मध्ये भिवंडीत लागलेली आग ठाणे-मुंबईपर्यंत गेली होती. यावेळी मुंबई जळत असताना भिवंडीने पेट घेतला नाही. तुमच्या पेपरात चार वर्षांच्या शांततेवर एक परिच्छेद पुरे. बाकीची सगळी पानं त्या आठवड्यांना द्या.

आता खरी अडचण. त्या आठवड्यांत भिवंडी शांत राहण्याची इतर कारणंही होती. पोलीस बंदोबस्त कडक असू शकतो. १९८४ च्या जखमा ताज्या असू शकतात. यंत्रमागाचा धंदाही असा, की सूत एकाकडून येतं, माग दुसऱ्याचा, चालवणारा तिसऱ्या प्रांतातला आणि कापडाचा व्यापारी चौथा; यात हिंदू-मुसलमान दोघंही एकमेकांच्या उधारीत अडकलेले. पण हे शेवटचं कारण लगेच खोडता येतं, कारण १९८४ मध्येही धंदा हाच आणि उधारीही हीच होती. आधीही असलेल्या आणि तेव्हा उपयोगी न पडलेल्या गोष्टीला नंतरच्या यशाचं सगळं श्रेय देता येत नाही. अशी एकेक कारणं खोडत जाणं हेच निम्मं काम आहे, आणि विद्यार्थी नेमकं तेच टाळतात, कारण त्यात आपली आवडती गोष्ट पातळ होते.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांची मांडणी तुम्ही वाचली असेलच: जिथे दोन्ही धर्मांची माणसं एकाच संघटनेत, संघात, व्यापारी मंडळात बसतात, तिथे ठिणगीची दंगल होत नाही. तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की मुळात शांत असलेल्या गावातच अशी मिश्र मंडळं तयार होत असतील, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? या आक्षेपासमोर भिवंडी थोडी उजवी ठरते. तिथल्या समित्या शांततेच्या मातीत उगवल्या नव्हत्या. दंगल होऊन गेलेल्या गावात त्या वरून, पोलिसांनी रोवल्या.

पण ‘पोलिसांनी रोवल्या’ म्हटलं की दुसरी गाठ पडते. आपल्याकडे प्रत्येक पोलीस ठाण्यात गणपतीच्या किंवा ईदच्या आधी शांतता कमिटीची मीटिंग होते. मी लहानपणी वडिलांबरोबर एकदा गेले होते. पुढच्या रांगेत पुढारी, मागे आम्ही, चहा, ग्लुकोज बिस्किटं आणि ‘आपल्या शहराची परंपरा’. भिवंडीचा प्रयोग वेगळा होता तो इथे: भर मोहल्ल्यातल्या साध्या माणसांवर, बैठका सणापुरत्या नाहीत आणि समितीला जोडलेला पोलीस लोकांना नावाने ओळखणारा. मग डिसेंबरमध्ये काम कोणी केलं? समितीतल्या दोन्ही धर्मांच्या शेजाऱ्यांनी, की त्यांच्यामुळे चार वर्षांत माहितगार झालेल्या पोलिसांनी? ही दोन वेगळी उत्तरं आहेत. पहिलं खरं असेल तर हा आंतरधर्मीय उपक्रम. दुसरं खरं असेल तर ही चांगली पोलिसिंगची पद्धत, आणि धर्म तिथे निमित्तमात्र.

यांत फरक कसा करायचा? माग काढून. समित्यांमुळे आग विझली असेल, तर तिच्या खुणा कुठेतरी राहिल्याच पाहिजेत. दंगलींच्या आकडेवारीत त्या सापडणार नाहीत. वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या दंगलींची यादी मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियावरून केली. काम प्रचंड आहे, पण वर्तमानपत्रात झालेली दंगल छापून येते. रात्री साडेदहाला दोन म्हाताऱ्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून परत पाठवलेला घोळका छापून येत नाही. तुम्हाला त्या घोळक्याची नोंद हवी आहे.

म्हणून मी आधी ठिणग्यांचा तक्ता करायला लावते, दंगलींचा नाही. दगडफेक, अफवा, मिरवणुकीचा अडलेला रस्ता, फाडलेला फलक. ठाण्याच्या डायरीत मिळेल ते, स्थानिक उर्दू आणि मराठी पत्रांत मिळेल ते, बाकी माणसांना विचारून. प्रत्येक ठिणगीपुढे चार गोष्टी लिहायच्या: पहिली बातमी कोणाला कळली, त्याने ती कोणाला सांगितली, मधे किती वेळ गेला, आणि घटनास्थळी आधी कोण पोहोचलं, खाकीतला की लुंगीतला. समिती खरोखर चालत असेल तर समित्यांच्या आधी आणि नंतर ठिणग्यांची संख्या कदाचित तेवढीच दिसेल, पण ठिणगीपासून आगीपर्यंत जाणाऱ्या कमी होतील आणि मधला वेळ आटलेला दिसेल. ठिणग्याच कमी दिसल्या तर मला उलट शंका येते. लोकांनी तक्रार करणं सोडलं का, असं आधी बघावं लागतं.

मुलाखतींत ‘समितीमुळे सलोखा वाढला का?’ असं विचारू नका. या चुकीची किंमत मी मोजलेली आहे. तरुणपणी एका संस्थेच्या सलोखा शिबिरांचा मूल्यमापन अहवाल मी लिहिला होता. शिबिराआधी एक प्रश्नावली, शिबिरानंतर तीच प्रश्नावली. ‘दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ गुण छान वाढले, देणगीदार खूश झाले. दोन दिवस जेवूखाऊ घालून, एकत्र गाणी म्हणवून घेऊन, आयोजकाच्याच हातात द्यायच्या कागदावर कोण वाईट लिहिणार? शिवाय शिबिराला आलेली माणसं मुळात येण्याच्या वृत्तीचीच होती. दगड उचलणारा पोरगा त्या हॉलमध्ये पाऊल ठेवत नव्हता.

वृत्तीपेक्षा वागणूक मोजावी, आणि तीही उपक्रमाच्या आवाराबाहेर, हे सर्वांत नेटकं दाखवलं ते इराकमधल्या एका प्रयोगाने. संशोधक सलमा मूसा यांनी आयसिसमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती खेळाडूंचे फुटबॉल संघ घेतले. काही संघांत चिठ्ठी टाकल्यासारखं मुसलमान खेळाडू मिसळले, काही संघ पूर्ण ख्रिस्ती ठेवले. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मिश्र संघात खेळलेले ख्रिस्ती पुढच्या हंगामात मिश्र संघासाठी नाव नोंदवायला अधिक तयार होते आणि सहा महिन्यांनंतरही मुसलमानांबरोबर सराव करत होते. पण मुस्लिमबहुल मोसुलमधल्या हॉटेलात जेवायला जाण्याचं कूपन वापरण्यात ते इतरांपेक्षा वेगळे नव्हते. आपल्या मैदानावरचा मुसलमान आपला झाला. मोसुलचा अनोळखी मुसलमान होता तिथेच राहिला. भिवंडीला हाच प्रश्न विचारा: समितीतल्या माणसाने आपल्या समितीतल्या माणसाला वाचवलं, की अनोळखी माणसालाही?

चिठ्ठ्या टाकण्याची सोय तुम्हाला नाही. समित्या सगळ्या गावात होत्या, म्हणून गावातल्या गावात तुलना होत नाही. जोड शोधायची तर मी मालेगावकडे बोट दाखवते: तिथेही माग, तिथेही मोठी मुस्लिम वस्ती. १९९२ च्या डिसेंबरात मालेगावात काय घडलं ते आधी खोदून काढा, भिवंडीचं प्रकरण लिहायच्या आधी. समित्यांशिवाय तेही शांत निघालं तर तुमच्या पेपरातला ‘च’ तिथेच संपतो.

आणि २००६ वगळू नका. त्या वर्षी जुलैमध्ये भिवंडीत कब्रस्तानाजवळ होऊ घातलेल्या पोलीस ठाण्याच्या इमारतीवरून गोळीबार झाला, दोन माणसं मेली आणि नंतर दोन पोलिसांना जमावाने ठार मारलं. बरेच जण ही घटना ‘तोपर्यंत समित्या ढिल्या पडल्या होत्या’ या एका वाक्यात गुंडाळतात. मला ती जास्त बोलकी वाटते. पोलीसच मध्यस्थ असलेली रचना दोन समाजांमधल्या भांडणासाठी बांधलेली होती. भांडण पोलिसांशीच झालं तेव्हा मधे बसायला कोणी उरलं नव्हतं.

मुलाखतींना सुरुवात कराल तेव्हा सत्कार झालेल्या सदस्यांकडे शेवटी जा. तीस वर्षं ती गोष्ट सांगून सांगून त्यांची गुळगुळीत झालेली असते. आधी समिती सोडून गेलेले शोधा, बैठकीला बोलावलंच नव्हतं असे शोधा, आणि त्यांना एवढंच विचारा: सहा तारखेच्या संध्याकाळी तुम्ही घराबाहेर पडून पहिल्यांदा कोणाकडे गेलात?